हरकत असल्यास कळवावे

लोहारा तालुक्यात स्थळाला नकार कुणी माणूस देत नाही. नकार ग्रह देतात. मुलाचं पोट सुटलंय, मुलीचा बाप बोलायला फटकळ आहे, जमीन सात एकर सांगितली आणि सातबाऱ्यावर चारच निघाली, मुलगा पुण्यात 'कंपनीत' आहे म्हणजे नेमका कशात आहे ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही, अशी कारणं घरात चार दिवस चघळली जातात. पाचव्या दिवशी मध्यस्थाला फोन जातो : "स्थळ लई चांगलं होतं ओ, पर पत्रिका जमंना गेली." मध्यस्थही लगेच म्हणतो, "आता त्याला काय करावं, देवाच्या मनात नसंल." दोन्ही घरांची अब्रू शाबूत राहते आणि पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी बारशाला एकमेकांच्या मांडीला मांडी लावून जेवता येतं. शनी, मंगळ यांच्यावर कुणी अब्रुनुकसानीचा दावा लावत नाही, त्यामुळे ही सोय आजवर निर्वेध चालू आहे.

ही सोय मी मध्यस्थ म्हणून बरीच वापरलेली आहे आणि तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वेळेबद्दल. पत्रिका हा विषय लोक नको त्या वेळी काढतात. आधी फोटो जातो, मग बायोडाटा, मग मुलगा-मुलगी महिनाभर फोनवर बोलतात, मग कांदेपोहे, मग साखरपुड्याच्या हॉलची चौकशी, आणि मुलाची आत्या निघता निघता दारात चप्पल शोधत म्हणते, "बाकी सगळं बेस झालं, तेवढी पत्रिका टाका व्हॉट्सअ‍ॅपला." आत्या हे वाक्य कधीही बसून म्हणत नाही.

ज्या घरात पत्रिका बघतात त्यांना हे वाक्य किरकोळ वाटतं. ज्याचा पत्रिकेवर विश्वास नाही त्याच्यासाठी मात्र इथून पुढे बचावाची जागाच उरत नाही. पत्रिका द्यावी तर इतके दिवस मारलेल्या पुरोगामी गप्पांचं काय करायचं? देत नाही म्हणावं तर समोरची मंडळी क्षणभर गप्प होतात, एकमेकांकडे बघतात आणि मनातल्या मनात निकाल लिहून टाकतात : मंगळ असणार. "आम्ही पत्रिका काढलेलीच नाही" हे तर त्याहून वाईट. त्याचा अर्थ कडक मंगळ. माझ्या माहितीतल्या एका प्राध्यापकांनी तत्त्व म्हणून मुलीची पत्रिका केली नव्हती. तीन स्थळं गेल्यावर पंचक्रोशीत त्या मुलीला मंगळ, मूळ नक्षत्र आणि साडेसाती अशी तिन्ही एकदम असल्याचं ठरलं होतं. न काढलेल्या पत्रिकेत एवढी जागा असते.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. तुम्ही पत्रिका मानत नसाल, तर ते कुणी विचारायच्या आधी सांगा. आधी सांगितलं तर ते तुमचं मत असतं. मागितल्यावर सांगितलं तर तो मंगळ असतो.

हे मला माझ्या भाचीने शिकवलं. ती तलाठी आहे, आणि तलाठी माणसाला तोंडी गोष्टींचा राग असतो. तिच्यासाठी माकणीकडचं एक स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा लातूरला बँकेत, खाली ऊस आणि वर सोयाबीन. पहिला फोन मी करायचा होता. ती शेजारी बसली होती. मी नेहमीप्रमाणे पाऊसपाण्यापासून सुरुवात करणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "मामा, आधी ते विचारा."

"पहिल्याच फोनला?"

"मग कवा? हळदीला?"

विचारलं. पलीकडे मुलाचे वडील होते. मी म्हणालो, "तुमच्यात पत्रिका बघतेत का? आमच्या पोरीचा त्याच्यावर विश्वास नाही, ते आधीच सांगावं म्हणलं." पलीकडे थोडी शांतता, मग एक खाकरणं, आणि मग अनपेक्षित मोकळेपणाने उत्तर आलं, "बघतेत ओ. म्हणजे मी काय फार नाही, पर आईला लागतंय. आन आत्याला." मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात पत्रिका नेमकी कुणाला लागते हे शोधत गेलं, तर शेवटी एक आत्या सापडतेच.

त्यांच्या 'मी काय फार नाही'मध्ये दम होता. मूळचे ते सास्तूरकडचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा ते वीस-बावीस वर्षांचे होते. घरातली पत्र्याची पेटी, तिच्यातल्या सगळ्यांच्या पत्रिका, जमिनीचे कागद, सगळं दगडमातीच्या भिंतींखाली गेलं. त्यानंतर वर्षभराने त्यांचं लग्न झालं, ते पत्र्याच्या शेडमध्ये. बघायला आलेल्यांनी नाडी विचारली नाही, घरात कोण कोण राहिलं ते विचारलं. हे त्यांनीच मला पुढे एकदा सांगितलं आणि लगेच विषय बदलून उसाच्या तोडीवर गेले. त्यांच्या आईला मात्र त्या पेटीची हळहळ अजून आहे, आणि नातवाच्या वेळी सगळं रीतसर व्हावं असं तिला वाटत होतं. त्या म्हातारीला अंधश्रद्धाळू म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

तर पहिल्या फोनलाच पत्ते उघडे झाले. आता दुसरा प्रश्न, आणि तो बहुतेक लोक विचारतच नाहीत : बघता म्हणजे नेमकं काय बघता? कारण 'पत्रिका बघणे' ही एक गोष्ट नाही. कुणी फक्त गुण बघतात, कुणी गुण सोडून नाडी बघतात, कुणाचं सगळं अडतं ते मंगळावर, आणि काही घरांत गुरुजी जे म्हणतील ते. यातलं काय बघणार आणि कुठल्या उत्तराला थांबणार हे आधी ठरलं नाही, तर निकाल लागल्यावर नियम ठरतात. छत्तीसपैकी तीस गुण आले तरी "पर मंगळ हाय ना" म्हणता येतं, आणि मंगळ नसला तर "गुण कमी हायेत". मी कागद घेऊन बसलो. पलीकडून उत्तर आलं : गुण अठराच्या वर पाहिजेत, नाडी एक नको, मंगळ नको. भाचीने हे माझ्या हातातून घेऊन तारखेसह वहीत लिहून ठेवलं.

गुणांचं गणित ज्यांनी कधी केलं नाही त्यांना ते फार गूढ वाटतं. प्रत्यक्षात ते चंद्रावर चालतं, निव्वळ चंद्रावर. जन्माच्या वेळी चंद्र कुठल्या नक्षत्राच्या कुठल्या चरणात होता एवढं कळलं की पुरे. बाकीचे ग्रह गुणमेलनात येतात ते फक्त राशींचे मालक म्हणून. आठ कसोट्या आणि त्यांचे गुण एकापासून आठपर्यंत चढत जातात : वर्ण एक, वश्य दोन, तारा तीन, योनी चार, ग्रहमैत्री पाच, गण सहा, राशिकूट सात, नाडी आठ. बेरीज छत्तीस. ज्याने ही मांडणी केली त्याला बेरीज लक्षात राहावी याची काळजी होती, एवढं मान्य करावं लागेल. चंद्र एका नक्षत्रात साधारण दिवसभर असतो, म्हणजे एकाच दिवशी एकाच दवाखान्यात जन्मलेल्या बहुतेक मुलींचे एका मुलाशी गुण जवळपास सारखेच जुळणार. त्यातली एक शांत, एक तिखट आणि एक तलाठी निघाली तर कोष्टकाचा इलाज नाही.

मुलाची जन्मवेळ पक्की होती, वडिलांनी पंचांगाच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवली होती. मघा नक्षत्र, सिंह रास. आमच्याकडे मात्र घोळ होता. भाची म्हणाली, "विश्वास नाही म्हणजे अडवणूक नाही. त्यांना लागतंय तर माहिती देऊ. पण खरी देऊ." आणि खरी माहिती शोधताना कळलं की ती नाहीच. जन्मदाखल्यावर तारीख असते, ठिकाण असतं, वेळ नसते. वेळ दवाखान्याच्या कार्डावर असते, आणि ते कार्ड वाळवीने आमच्या आधी वाचून संपवलं होतं. तिची आई म्हणते दुपारी तीनच्या सुमाराला. आजी म्हणते, "कुठलं तीन, मी दिवा लावून देवापुढं बसले होते." म्हणजे संध्याकाळचे सात. चार तासांचा फरक. एरवी यावर घरात फार तर एक भांडण झालं असतं. पण त्या दिवशी चंद्र पुनर्वसू नक्षत्रात होता आणि तीन ते सातच्या मध्ये कधीतरी त्याने तिसरा चरण सोडून चौथा धरला होता. पुनर्वसूचे पहिले तीन चरण मिथुन राशीत येतात आणि चौथा कर्केत. आईच्या म्हणण्यानुसार भाची मिथुनेची, आजीच्या म्हणण्यानुसार कर्केची.

मुलाकडच्या गुरुजींकडे मी गेलो ते उत्सुकतेने. मनुष्य हुशार आणि प्रामाणिक. त्यांनी पंचांग उघडलं, चष्मा पुसला आणि आधी आईची वेळ धरली. मघाची योनी मूषक. पुनर्वसूची योनी मार्जार. म्हणजे मुलगा उंदीर आणि मुलगी मांजर. योनीचे चारपैकी शून्य. मुलाचे काका शेजारी बसले होते, त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि तो तसाच थांबला. गण पाहिला : मुलगा राक्षसगणी, मुलगी देवगणी. सहापैकी शून्य, काही कोष्टकांत एक. वश्याचंही शून्य. मला वाटलं आता उठावं लागतंय. पण गुरुजी शांतपणे पुढे लिहीत गेले. वर्णाचा एक मिळाला. ताऱ्याचे दीड. ग्रहमैत्रीचे पाचपैकी चार, कारण बुधाला रवी मित्र वाटतो आणि रवीला बुधाचं फारसं काही वाटत नाही. (आमच्या ओळखीत असे बरेच संसार नीट चाललेले आहेत.) मग राशिकूट : मिथुन आणि सिंह, तिसरी-अकरावी, उत्तम, सातपैकी सात. नाडी : मुलाची अंत्य, मुलीची आद्य, वेगळ्या, आठपैकी आठ. एकूण साडेएकवीस. पास.

मांजर-उंदीर, देव-राक्षस एवढं सगळं असून पास कसं, तर राशिकूट आणि नाडी या दोघांचेच पंधरा गुण होतात. हे दोन जमले की बाकीच्यांत तीनच्या थोडे वर आले तरी अठराचा उंबरठा ओलांडला. योनी आणि गण यांची चर्चा घरोघर होते कारण उंदीर आणि राक्षस चटकन डोळ्यांसमोर येतात. निकाल लावणारी दोघं मागच्या बाकावर गप्प बसलेली असतात.

मग गुरुजींनी आजीची वेळ धरली. चंद्र कर्केत. नक्षत्र तेच, योनी तीच, गण तोच, नाडी तीच. ग्रहमैत्री उलट सुधारली, चंद्र आणि रवी परममित्र, पाचपैकी पाच. वर्णाचा एक गेला, कारण कर्क रास ब्राह्मण वर्णाची आणि सिंह क्षत्रिय, आणि मुलीचा वर्ण मुलाहून वरचा चालत नाही. या वर्णांचा माणसाच्या जातीशी संबंध नाही असं गुरुजी म्हणाले. मग तो चढता-उतरता का लावलाय, हे मी विचारलं नाही. चहा यायचा होता. खरा फटका बसला तो राशिकुटाला. कर्क आणि सिंह शेजारच्या राशी, म्हणजे दुसरी-बारावी, द्विर्द्वादश योग, सातपैकी शून्य. बेरीज साडेचौदा, वश्याचा एखादा इकडेतिकडे. नापास.

तीच मुलगी, तोच मुलगा. आई खरी धरली तर साडेएकवीस, आजी खरी धरली तर साडेचौदा. आणि हा फरक तरी एकाच पंचांगातला. टिळक पंचांग ज्या रैवत अयनांशावर चालतं तो आणि आपल्याकडे घरोघर असलेल्या सोलापूरच्या दाते पंचांगाचा चित्रापक्ष, यांत सुमारे चार अंशांचं अंतर आहे, आणि नक्षत्राचा एक चरण असतो तीन अंश वीस कलांचा. म्हणजे पंचांग बदललं की काठावरचा चंद्र आईची वेळ धरूनही कर्केत जाऊन बसायचा. तेव्हा 'पत्रिका जुळते का' या प्रश्नाआधी 'कुणाच्या पंचांगाने' हेही विचारायला हवं, पण ते विचारलं की माणूस पत्रिका मानणाऱ्यांपेक्षा जास्त मानणारा ठरतो.

अजून मंगळ राहिला होता. मंगळाला चंद्राशी देणंघेणं नाही, त्याला लग्न लागतं. इथे लग्न म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास, आणि ती सरासरी दोन तासांनी बदलते. लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानात मंगळ असला की मुलगी किंवा मुलगा मंगळाचा. बारापैकी पाच घरं. अपवाद बाजूला ठेवले तर शंभरातली चाळीसेक माणसं मंगळाची निघायला हरकत नाही, आणि तसं असेल तर लोहाऱ्याच्या बाजारात भाजी घेताना समोरून येणारा दर दुसरा-तिसरा माणूस जोडीदाराच्या जिवावर उठलेला असणार. प्रत्यक्षात तो कोथिंबिरीच्या भावावर उठलेला असतो.

आईची वेळ धरली तर भाचीचा मंगळ चौथ्यात. आजीची वेळ धरली तर लग्न दोन राशी पुढे सरकलं आणि मंगळ दुसऱ्यात आला, म्हणजे मंगळच नाही. गुरुजींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एकावर गुण होते आणि मंगळ होता. दुसऱ्यावर मंगळ नव्हता आणि गुणही नव्हते. गुण हवे असतील तर मंगळासकट घ्या, मंगळ नको असेल तर गुण सोडा. काकांचा मिशीवरचा हात अजून तिथेच होता. त्यात आत्या दिलेली आळंदकडे, आणि दक्षिणेकडे दुसऱ्या स्थानातला मंगळही धरतात. म्हणजे तिच्या हिशेबाने दोन्ही कागदांवर मंगळ होता आणि एकावर तर गुणही नव्हते.

अशा वेळी अनुभवी गुरुजी एक प्रश्न विचारतात. तो कुठल्याही ग्रंथात नाही. त्यांनीही विचारला, हळूच, काकांकडे वळून : "पोरगी पसंत हाय का?"

काकांनी मान हलवली. पसंत होती. गुरुजींनी मग मुलाची पत्रिका पुन्हा ओढली आणि पेन्सिलीचं टोक बाराव्या स्थानावर ठेवलं. तिथे मंगळ होता. मुलाला मंगळ होता! तो जन्मापासून तिथेच होता, घरातल्यांना ठाऊक होता आणि पहिल्या फोनपासून त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. पत्रिका मागणाऱ्या घराला त्याची स्वतःची पत्रिका कुणी मागत नाही, हा माझ्या मते या सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोठा योग. भाचीच्या वहीत 'मंगळ नको' असं त्यांच्याच तोंडचं वाक्य तारखेसह लिहिलेलं होतं. "मंगळाला मंगळ," गुरुजी म्हणाले, "परिहार होतो. तुम्ही आईची वेळ धरा."

इथे बहुतेक ठिकाणी गोष्ट संपते. आईची वेळ धरतात, आजीला सांगतात की तू त्या वेळी झोपेत होतीस, आणि पेढे आणतात. जुळवून आणलेल्या पत्रिकांचे संसार मोडल्याचं मला तरी दिसलेलं नाही, आणि नीट जुळलेल्यांचे टिकल्याचंही नेमाने दिसत नाही. पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः एकेकाळी ज्योतिष केलेले प्रकाश घाटपांडे यांनी २००८ च्या सुमारास एक चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या अशा दोनशे कुंडल्या जमवल्या आणि कुठली कुणाची ते ज्योतिषांना ओळखायला सांगितलं. शेवटपर्यंत उत्तरं पाठवणारे सत्तावीस निघाले आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण आलं ४६ टक्के. छापा-काटा केला असता तर पन्नास आले असते. ती परीक्षा बुद्धीची होती, लग्नाची नव्हती, हे आमच्या गुरुजींनी लगेच लक्षात आणून दिलं. लग्नाची परीक्षा घेणं अवघड आहे, कारण उत्तरपत्रिका तपासायला चाळीस वर्षं लागतात आणि दोन्ही परीक्षार्थी वेगवेगळी उत्तरं देतात.

भाचीने मात्र आईची वेळ धरू दिली नाही. "दोन्ही वेळा द्या त्यांना," ती म्हणाली, "दोन्ही निकाल द्या. मला मंगळ आहे की नाही याचं मला काही नाही, पण लपवलं असं उद्या कुणी म्हणायला नको." तिची आई कपाळाला हात लावून बसली. "अगं, जुळतंय तर कशाला उकरतीस?" पण हाच मुद्दा होता. जी वेळ आज सोयीची म्हणून धरली, ती पहिल्या भांडणात गैरसोयीची म्हणून बाहेर येते. सुनेच्या हातून दूध उतू गेलं की आत्या आळंदहून फोन करते, "मी म्हणलंच होतं, वेळ दुसरीच हाय." लग्नाआधी सगळ्यांनी पाहून सोडून दिलेल्या कागदावर असं कुणाला बोलता येत नाही. मतभेद आहेत हे नुसतं आधी सांगण्यापेक्षा ते कागदावर दोन्ही बाजूंच्या सहीने मांडावेत, इतपत ती पुढे गेली होती.

याच्या उलट टोकाला काय होतं तेही सांगून टाकतो, जरी ते विनोदी नाही. लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवलेल्या आणि मग फिरलेल्या एका माणसाने पत्रिका जुळत नसल्याचं कारण पुढे केलं होतं. खटल्यातून मोकळं करा ही त्याची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळली. आमच्या तालुक्यातली प्रकरणं कोर्टापर्यंत जात नाहीत, पण उशिरा आठवलेली पत्रिका ही बहुतेक वेळा पत्रिका नसते, एवढं ओळखायला वकील लागत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. खरंच बघणारं घर आधी जन्मवेळ मागतं आणि मग फोटो. निमित्त शोधणारं घर हुंडा, बदली, मुलीचा पगार कुणाच्या खात्यात राहणार ही सगळी बोलणी फिसकटली की मगच पंचांग उघडतं. आणि खरंच बघणारं घर दुसऱ्या वेळेने, दुसऱ्या गुरुजींकडून बघून घ्यायला तयार असतं. निमित्त शोधणाऱ्याला एकच निकाल पुरतो, आणि तो कुणी काढला हे विचारलं तर "आमचे एक हायेत" असं उत्तर येतं.

माकणीची मंडळी खरंच बघणारी होती. भाचीने दोन्ही कागदांच्या झेरॉक्स काढल्या, वर स्वच्छ अक्षरात एक पत्र लिहिलं आणि ते माझ्या हाती दिलं. जमिनीच्या फेरफाराची नोंद प्रमाणित व्हायच्या आधी तलाठी संबंधितांना नोटीस देतो आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. हात त्याच वळणाला गेलेला. पत्रात तिने लिहिलं होतं की, जन्मवेळा दोन आहेत, खरी कुठली ते सांगता येत नाही, पहिल्या वेळेने गुण साडेएकवीस व मंगळ आहे, दुसऱ्या वेळेने गुण साडेचौदा व मंगळ नाही, माझा स्वतःचा या गोष्टींवर विश्वास नाही व लग्नानंतर या कारणावरून बोललेलं मला चालणार नाही, तरी कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत कळवावे, मुदतीनंतर आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही.

मी हे पत्र घेऊन जायला तयार नव्हतो. मध्यस्थीच्या एवढ्या वर्षांत मुलीकडून नोटीस बजावायची वेळ माझ्यावर आलेली नव्हती. शेवटी गेलो. मुलाच्या वडिलांनी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. मुलाच्या आजीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "नाडी येगळी हाय ना?" दोन्ही वेळांनी वेगळी होती, कारण नक्षत्र तेच होतं. "मग झालं. आन मंगळ आमच्यात बी हाय." काका यावर काहीतरी बोलायला गेले आणि गप्प झाले. आत्याला आळंदला फोन लावला. तिने दुसऱ्या स्थानातल्या मंगळाबद्दल बरंच सांगितलं, मग विचारलं की मुलगी कायम नोकरीत आहे का. आहे म्हटल्यावर दुसऱ्या स्थानातला मंगळ नोकरी करणाऱ्या मुलींना एवढा बाधत नाही, असं तिच्याकडेही एक मत असल्याचं निघालं.

बाराव्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. हरकत कुणाचीच नाही, म्हणाले, लेखी पाहिजे असेल तर लेखी देतो. आईच्या बाजूने गुण धरू, आजीच्या बाजूने मंगळ सोडू, काय म्हणायचं ते आमच्यातलं आम्ही बघून घेऊ. मग थोडं थांबून, जरा आवाज उतरवून ते म्हणाले, "आन पावनं, दुसरं एक हाय. आमच्या थोरल्या चुलत्याच्या वाटणीचा फेरफार दोन वर्षं झालं अडकलाय ओ. आता घरचंच माणूस आहे म्हणल्यावर..."

भाचीने फोन माझ्या हातातून घेतला. "मामंजी," ती म्हणाली, "ते गाव माझ्या सज्जात येत नाही. आणि आलं असतं तरी अर्ज करावा लागला असता."